एका गालाला बावीस रुपये

दाक्षायणीचं वागणं मुक्ताबाईंना पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. सकाळी सगळी चाळ नळावर हंडे-कळश्या घेऊन भांडत असायची, आणि ही बया अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यावर आरसा टेकवून तोंडाला काहीतरी चोपडत बसायची. एक बोट कपाळाला, एक बोट हनुवटीला, दोन बोटं गालाला, देवाला गंध लावावं तसं. तोवर तिचा हंडा तिची मावशी शिवबाई भरायची. पुस्तकं मालतीची वाचायची, वह्या मालतीच्या उतरवून घ्यायची, आणि मालतीनं काही विचारलं की म्हणायची, "थांब गं, तोंड वाळू दे."

तोंड वाळू दे! जसं काही घराला चुना काढलाय.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागं सहा खोल्यांची ती चाळ होती. एका खोलीत मुक्ताबाई आणि त्यांची नात मालती. मुलगा महिपती मंद्रूपला शेती बघायचा. पोरगी मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी सुटली म्हणून त्यानं तिला कॉलेजात घातली, आणि एकटी पोर शहरात कशी ठेवायची म्हणून आईला तिच्याबरोबर धाडली. ज्वारी, डाळ, शेंगदाणे घरचे यायचे. वरच्या खर्चाला महिन्याच्या एक तारखेला एस. टी.च्या कंडक्टरच्या हाती पंचेचाळीस रुपये यायचे. दुधाला बारा, सिटी बसला आठ, वह्या-शाईला पाच, तेल-साबणाला चार, बाकीची भाजी आणि रॉकेल. मुक्ताबाईंना लिहिता येत नव्हतं, पण पंचेचाळीसातला एक रुपया कुठं गेला हे त्या झोपेतही सांगत.

शेजारच्या खोलीत शिवबाई. त्या शाळेत शिकवायच्या, आणि मैंदर्गीची त्यांची भाची दाक्षायणी त्यांच्याकडं राहून मालतीच्याच वर्गात शिकायची; तिला घरून महिन्याला पन्नास रुपये यायचे.

आता खरं सांगायचं तर पोरगी दिसायला चांगली होती. सावळीच, पण कातडी अशी की पितळेचा तांब्या चिंचेनं घासून उन्हात ठेवावा. मुक्ताबाईंना ते दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच खुपत होतं. दूधवाला शिवबाईंच्या भांड्यात माप ओतून झाल्यावर वर आणखी थोडं सांडायचा. चाळीतल्या बायका पापड लाटताना म्हणायच्या, "दाक्षायणीच्या तोंडावर काय तेज हाय बाई!" आणि मालती शेजारीच बसलेली असायची, तिच्या तोंडाकडं कुणी बघायचंही नाही. तेही मुक्ताबाईंनी गिळलं असतं. पण दिवाळीपासून मालती वेणी घालून घ्यायला त्या खोलीत जायला लागली होती. सतरा वर्षं ज्या डोक्याला मुक्ताबाईंनी तेल चोळलं, ते डोकं आता दुसरीच्या गुडघ्यापाशी. "आज्जी, तुझी वेणी लई घट्ट बसती गं," म्हणाली. घट्ट बसायलाच वेणी असते ना?

त्या वर्षी म्हणजे पंच्याहत्तर सालच्या जानेवारीत परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. महिपतीनं एक तारखेला पंचेचाळीस आणि फॉर्मचे वेगळे वीस धाडले, आणि निरोप दिला. निरोप नवा नव्हता. दिवाळीत मालतीनं मधेच सहलीला पैसे मागितले तेव्हाच तो म्हणाला होता, "आता मधी पैसं मागिटलं तर पोरगी परत मंद्रूपला. माज्याकडं झाड न्हाय पैशाचं." महिपती बापावर गेलेला होता. एकदा बोलला की फिरायचा नाही. फॉर्मची शेवटची तारीख वीस होती.

चार तारखेला शनिवारी मुक्ताबाईंनी गोधड्या उन्हात टाकायला ट्रंक उघडली, आणि मालतीच्या परकराच्या घडीतून एक डबी घरंगळली. पांढऱ्या काचेची, वर सोनेरी झाकण. दाक्षायणीच्या तुळशीकट्ट्यावर असायची तशीच.

मालती कॉलेजातून आली तेव्हा डबी चुलीपुढं पाटावर ठेवलेली होती.

"ह्यो कोण पाव्हणा आलाय?" मुक्ताबाई म्हणाल्या.

मालती दारातच थांबली.

"बोल की. नवी पेठेतनं आलाय का मुंबईवरनं?"

"नवी पेठेतनं."

"केवढ्याला?"

"बावीस."

मुक्ताबाईंनी भाकरी थापता थापता हात थांबवला. फॉर्मचे वीस आणि दुधाचे दोन, दोन्ही मालतीच्याच हाती दिलेले. पुढं विचारायला काही उरलंच नाही.

"तोंडाला लावायला?"

मालती रडायला लागली. रडता रडता बोलली ते असं, की हिवाळ्यात तिच्या गालांवर पांढरे पापुद्रे येतात, नाकाशेजारी कातडी सुटते, वर्गात मुली म्हणतात की तुझ्या तोंडावर ज्वारीचं पीठ उडालंय का. आणि दाक्षायणीचं बघ. तिला काहीच होत नाही. ती म्हणाली, डबीनं होतं. स्वस्तातलं लावलं तर पैसे पाण्यात. तूच आरशात बघ, म्हणाली, मग मी बघितलं.

"आन् बापाला काय सांगशील? आरशात बगितलं म्हणून?"

मुक्ताबाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पिठाच्या हातानंच डबी उचलली आणि शेजारच्या खोलीत गेल्या.

शिवबाई वह्या तपासत होत्या. दाक्षायणी खिडकीत.

"शिवबाई, तुमच्या भाचीचं सामान आमच्या ट्रंकंत आलंय," मुक्ताबाई म्हणाल्या. "घ्या आन् बावीस रुपयं द्या."

"अय्यो, ते माझं नव्हे आज्जी," दाक्षायणी म्हणाली. "माझं हे काय इथं आहे."

"तुजंच हाय. तुज्या तोंडातनं निगालं आन् माज्या नातीच्या ट्रंकंत जाऊन पडलं. तूच म्हणालीस ना, स्वस्तातलं लावलं तर पैसं पाण्यात?"

"मग खरं तेच म्हटलं मी. चांगलं आहे म्हणून महाग आहे. मी दोन महिन्यांनी एक घेते, दूध नाही घेत संध्याकाळचं, पण हे घेते. माझ्या चेहऱ्याकडं बघा की."

तेच तर मुक्ताबाई गेले सात महिने बघत होत्या.

"दोन रुपयात हुतंय ते," त्या म्हणाल्या. "आमी मंद्रूपला हिवाळाभर ग्लिसरीन लावतो. तुजं बावीस आन् माजं दोन, फरक दाखव मला."

"आज्जी, ग्लिसरीन टाचांना लावतात."

शिवबाई हसल्या. त्यांनी हसायला नको होतं. मुक्ताबाईंच्या अंगातून एक कळ गेली, आणि त्या कळेतून पुढचं सगळं निघालं.

मंद्रूपला मुक्ताबाईंचे सासरे नवं बियाणं आलं की कधी सगळं रान त्याच्यावर लावत नसत. एकाच वावरात चार ओळी जुन्या बियाण्याच्या, शेजारी चार ओळी नव्या. पाणी तेच, खत तेच, राखण तीच. कणसं भरली की गावातला असा माणूस बोलवायचा ज्याला कुठल्या ओळी कुठल्या हे ठाऊक नाही, आणि त्याच्या तोंडून निकाल घ्यायचा. मुक्ताबाईंनी तेच शेत आता मालतीच्या तोंडावर काढलं.

"डावा गाल माज्या ग्लिसरीनचा," त्या म्हणाल्या. "उजवा तुज्या डबीचा. फॉर्मच्या आदल्या रोजी, आयतवारी, उजेडात बगायचं. तूच बगायचं. कुठला कुठला ते तुला मालतीबी सांगणार न्हाय, मीबी न्हाय."

"आत्ताच सांगितलंत की," दाक्षायणी म्हणाली.

मुक्ताबाई थबकल्या. ही पोरगी नुसत्या तोंडाची नव्हती, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

"मग घरी जाऊन बदलीन. न बदलीन. तुला काय करायचंय? तुजा डबीचा गाल तू वळखलास, तर मी चाळीत सगळ्यांम्होरं म्हणीन की मुक्ताबाईला काय कळत न्हाय, आन् पोरीला घिऊन मंद्रूपला जाईन. न्हाय वळखलास, तर डबी तू घ्यायची. बावीस नगंत. वापरलेली म्हणून वीस."

दाक्षायणीनं मान ताठ केली. "चालेल."

"दाक्षा," शिवबाई म्हणाल्या, पण आता ते दोघींच्यात होतं.

घरी येऊन मुक्ताबाईंनी काही बदललं नाही. उजवा डबीचा, डावा ग्लिसरीनचा. ती पोरगी आता बदललं असेल म्हणूनच धरून चालणार, असा त्यांचा हिशेब.

रविवारपासून सुरुवात झाली. मुक्ताबाईंनी सात रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या गुरुसिद्धप्पांच्या औषधाच्या दुकानातून सव्वा रुपयाची ग्लिसरीनची बाटली आणली, आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं मालतीच्या डाव्या गालाला चोळली. टाचांना चोळतात तशी, नुसती, दाट. उजव्या गालाला मालती बोटभर क्रीम लावायची.

दुसऱ्या दिवशी मालती म्हणाली, "आज्जी, डावा चुरचुरतोय."

"लागू पडतंय म्हणून चुरचुरतंय."

तिसऱ्या दिवशी डावा गाल ओढल्यासारखा झाला, हसताना ताणायचा. वर धूळ चिकटून बसायची ती वेगळीच. मालती ती साबणानं धुवायची, मुक्ताबाई पुन्हा ग्लिसरीन चोळायच्या. गुरुवारी सकाळी उजेडात बघितलं तर डावा गाल लाल, आणि नाकाशेजारी पापुद्रे पहिल्यापेक्षा जास्त. उजवा? उजवा मऊ होता. पापुद्रा नाही, ताण नाही.

मुक्ताबाईंनी तो गाल बोटानं चाचपला. पुन्हा चाचपला. नातीच्याच गालाचा असा हेवा वाटेल असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याचं तोंड बघितलं नसतं. पण त्या मऊपणात त्यांना मालती दिसत नव्हती. तुळशीच्या कट्ट्यावर बसलेली ती दुसरी दिसत होती, आणि ती हसत होती.

त्याच दिवशी अंगणात दाक्षायणीनं मालतीची वेणी घालता घालता तिच्या तोंडाकडं बघितलं. मान खाली घालून हसू लपवलं. मुक्ताबाई दारात डाळ निवडत होत्या. डाळीतला खडा समजून त्यांनी चांगला दाणाच फेकून दिला.

दुपारी त्यांनी ग्लिसरीनची बाटली पदराखाली घेतली आणि गुरुसिद्धप्पांच्या दुकानात गेल्या. मालतीला बरोबर ओढून नेलं.

गुरुसिद्धप्पा साठीचे, कपाळाला विभूती, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. काउंटरमागं त्यांचा जुना खल आणि मलम घोटायची पोर्सेलीनची वाटी अजून होती.

"भेसळ इकता काय अप्पा?" मुक्ताबाईंनी बाटली आपटली. "पोरीचा गाल बगा."

गुरुसिद्धप्पांनी मालतीला दारात उजेडाकडं उभं केलं. डावा गाल बघितला, उजवा बघितला.

"पाणी किती घातलं यात?"

"पाणी? आमी काय दूधवाले हाय का?"

"नुसतंच लावलं?" ते हसले नाहीत, म्हणून मुक्ताबाईंनी पुढचं ऐकून घेतलं. "अहो मुक्ताबाई, ग्लिसरीन पाण्याला ओढतं. हवेत ओल असली तर हवेतलं ओढेल. आता जानेवारीत सोलापूरच्या हवेत पाणी आहे कुठं? मग ते कातडीतलंच पाणी ओढून वर आणतं, आणि ते वाळून जातं. एक भाग ग्लिसरीन, तीन-चार भाग गुलाबपाणी. आणि तोंड ओलं असतानाच लावायचं, कोरड्यावर नाही."

"टाचांना लावतोच की नुसतं."

"टाच जाड असते. ही सतरा वर्षांची पोर आहे. बाळ, तोंड कशानं धुतेस?"

"साबणानं," मालती म्हणाली.

"कुठल्या?"

मालतीनं आजीकडं बघितलं. "लाल. आंघोळीचाच. कधी कपड्याचा."

"दिवसातनं कितीदा?"

"चार-पाच. बसमधनं आले की लई धूळ असती."

"तिथंच तुझे पापुद्रे आहेत. साबण एकदा, तोही मऊ. बाकीच्या वेळी नुसतं पाणी. कातडीचं जे स्वतःचं तेल असतं ते तू रोज पाच वेळा धुऊन टाकतेस, आणि मग ते विकत आणायला निघतेस."

मुक्ताबाईंनी घसा खाकरला. विचारायचं नव्हतं, पण पोटात ठेवणंही जमत नव्हतं. "आन् अप्पा, ती डबी? सोनेरी झाकणाची? त्येनं उजवा चांगला ऱ्हायला की."

गुरुसिद्धप्पा काउंटरमागं गेले. "चांगलं क्रीम आहे ते. वाईट म्हणणार नाही मी. पण मी माझ्या हातानं पंधरा वर्षं कोल्ड क्रीम घोटलंय. पांढरं मेण, पातळ पॅराफीन, थोडा टाकणखार, पाणी. मेण-तेल कातडीवर बसतं, आतलं पाणी उडू देत नाही. त्यांच्या डबीत याच्याहून फार वेगळं काही निघेल असं मला वाटत नाही. वर अत्तर, काच, झाकण आणि जाहिरात. काम करतंच ते. पण माझं दोन रुपयाचंही तेच काम करायचं."

"मग ती शेजारची पोर? तिच्या तोंडावर तेज हाय ते?"

"ती किती साबण लावते?"

मुक्ताबाईंना आठवलं. दाक्षायणी सकाळी तोंड नुसत्या पाण्यानं धुवायची. चुळा भरता भरता, आळसानं. साबण तिनं कधी हातात घेतलेला त्यांनी बघितलाच नव्हता. सात महिने नजर ठेवून बघितलं आणि हेच राहिलं होतं बघायचं.

गुलाबपाणी एक रुपयाचं घेतलं. दुधातनं आणखी एक रुपया गेला, पण ते मुक्ताबाईंनी स्वतःच्या वाटच्या चहातून वळतं केलं.

त्या रात्रीपासून डाव्या गालाला पाणी मिसळलेलं ग्लिसरीन, ओल्यावर. कपड्याचा साबण बंद. उजव्याला मालतीनं डबीच लावायची. ओळी पुन्हा बरोबरीला आल्या.

पण एक गोष्ट मुक्ताबाईंनी केली, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. मालती अभ्यासाला गच्चीवर गेली होती. त्यांनी डबी उघडली. आतलं क्रीम मालतीनं बोटानं सपाट करून ठेवलेलं, वर एक ओरखडा नाही. वास आला. केवडा नव्हे, मोगरा नव्हे, असा कसलातरी, लांबच्या घरचा. मुक्ताबाईंचं उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणी विळ्यानं कापलेलं, पेरापासून वाकडं. ते बोट त्यांनी क्रीममध्ये बुडवलं आणि हाताच्या मागच्या बाजूला, जिथं भेगा होत्या, तिथं लावलं.

मग बसून राहिल्या. त्यांच्या लग्नात हळद लावली होती, तेवढीच. पुढच्या पन्नास वर्षांत तोंडाला उरलं असेल ते गोडंतेल. या पोरींना डब्या. आपल्याला का नव्हत्या, असा विचार येण्याचं त्यांचं वय नव्हतं आणि तसं त्यांना पटतही नव्हतं. पण तो आला, आणि त्याचा त्यांनी दाक्षायणीवरच राग धरला. हात राखेनं धुतला. वास गेला नाही. रात्रभर उशाशी राहिला.

संक्रांत झाली. डावा गाल निवला, लाली गेली, पापुद्रे गेले. पण मुक्ताबाईंचं मन निवेना. रोज सकाळी त्या दोन्ही गाल बघायच्या आणि रोज त्यांना उजवा अंमळ बरा वाटायचा. कधी वाटायचं आपल्याला तसं वाटतंय, कधी वाटायचं तसं आहेच. शेवटच्या चार दिवसांत त्यांनी बघणंच सोडलं. एका संध्याकाळी मालतीनं विचारलं, "आज्जी, हरलो तर खरंच जायचं?"

"बोललेय मी."

"मी नापास झाले नाही कधी."

"म्हणून तर जीव जळतोय."

एकोणीस तारखेला रविवारी सकाळी नळ गेल्यावर अंगण मोकळं झालं. शिवबाई स्टूल घेऊन आल्या. चाळीतल्या दोन बायका आपणहून आल्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मालती पूर्वेकडं तोंड करून उभी राहिली, ओठ दाबून.

दाक्षायणीनं आधी लांबून बघितलं, मग जवळून. डावा गाल बोटाच्या मागच्या बाजूनं चाचपला, मग उजवा. पुन्हा डावा. शाळेत पेपर तपासतात तशी गंभीर होती. नाटक करत नव्हती, हे मुक्ताबाईंना दिसलं आणि त्यांना आणखीच भीती वाटली.

"हा," दाक्षायणी म्हणाली, आणि उजव्या गालावर बोट ठेवलं. "हा माझ्या क्रीमचा. मावशी, तू बघ की. याच्यावर कशी पाण्यासारखी चमक आहे. हा आतून मऊ आहे. डावा बरा आहे, पण नुसता वरवर. हात लावला की कळतं लगेच."

शिवबाईंनी हात लावला. "व्हय गं. फरक आहे."

"लई फरक आहे," चाळीतली एक म्हणाली.

मुक्ताबाईंनी तुळशीच्या कट्ट्याला हात टेकला. उजवाच होता. पोरीनं बरोबर ओळखलं होतं, आणि त्यांना स्वतःलाही तर उजवाच बरा वाटत होता. शब्द दिलेला होता; आता तो चाळीपुढं म्हणायचा, गाठोडं बांधायचं. त्यांनी तोंड उघडलं.

"आज्जी, नको म्हणूस," मालती म्हणाली. "मी ते लावलंच नाही."

"काय?"

"उजव्याला. अप्पांकडनं आल्यापासून लावलंच नाही. दोन्ही गालांना ग्लिसरीनच लावलं, पाणी घातलेलं."

"का गं?" हे दाक्षायणीनं विचारलं.

मालतीनं मान खाली घातली. "बावीस रुपयांचं आहे. नुसतं गालाला लावून संपवायचं म्हणजे... बोट बुडवायला गेले की वाटायचं, हे फॉर्मचे पैसे. पहिल्या चार दिवसांत केवढं गेलं. मग ठेवून दिलं. गॅदरिंगला लावीन म्हटलं."

"खोटं बोलू नकोस," दाक्षायणी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आजीला वाचवायला बोलतीयेस तू."

"डबी आण," मुक्ताबाई म्हणाल्या.

मालतीनं डबी आणली. मुक्ताबाईंनी झाकण काढलं आणि सगळ्यांपुढं धरली. क्रीम सपाट होतं, कडेनं जरा वाळलेलं. मधोमध एकच खड्डा, वाकडा, एका बाजूला तिरका.

मुक्ताबाईंनी तो ओळखला. गप्प राहायला जागा होती. क्रीम वाळलंय एवढं दाखवून काम झालं असतं. पण निकालाच्या वेळी वावरात खोटं बोलायचं नाही, हे त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना शिकवलेलं होतं, आणि ते या अंगणातही लागू होतं.

"ह्यो खड्डा माजा हाय," त्यांनी वाकडं बोट पुढं केलं आणि खड्ड्यात बसवून दाखवलं. बोट नेमकं बसलं. "अप्पाकडनं आलो त्या दिवशी रातच्याला मी लावलं. चोरून. हाताला. त्येच्यानंतर ह्याला कुणी शिवलेलं न्हाय. बगा, कडा वाळल्यात."

चाळीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शिवबाई या वेळी हसल्या नाहीत.

दाक्षायणी मालतीच्या उजव्या गालाकडं बघत उभी होती. तिनं पुन्हा बोट लावलं, पुन्हा डाव्याला लावलं. आता तिला काही कळत नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पहिल्यांदाच त्या तोंडावर तेज नव्हतं, नुसतं एक अठरा वर्षांचं पोरकट तोंड होतं.

"म्हणजे मला दिसली ती चमक..." ती म्हणाली.

"तुला दिसली. मलाबी दिसली. मला तर रोज दिसत हुती." मुक्ताबाई म्हणाल्या. "डोळ्याला आधी सांगिटलं की डोळा तसं बगतो."

"मी दोन वर्षं घेतीये आज्जी. दोन वर्षं संध्याकाळचं दूध नाही घेतलं." मग ती आत गेली आणि पाकीट घेऊन आली. पुढच्या डबीसाठी साठवलेल्या दहाच्या दोन नोटा आणि सुटे दोन रुपये त्यात होते. तिनं दोन नोटा काढल्या. "शब्द म्हणजे शब्द."

मालती म्हणाली, "राहू दे गं."

"तू गप," दाक्षायणी आणि मुक्ताबाई एकदमच म्हणाल्या.

मुक्ताबाईंनी नोटा घेतल्या, घडी घातली, कनवटीला लावल्या. उद्या सकाळी दहाला फॉर्म भरायचा. मग डबीचं झाकण लावलं आणि दाक्षायणीच्या हातात दिली. ती हातात घेऊन उभीच राहिली, जणू तिला आता ती कुठं ठेवायची ते कळत नव्हतं. मुक्ताबाईंना वाटलं होतं, हा क्षण आला की छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. पोरीचा हात गार होता.

त्यांनी तिला कट्ट्यावर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"ऐक बाय. मी सात म्हैनं तुज्या तोंडावर जळले, ते कबूल. माजी नात तुज्याकडं जाती म्हणून जळले. तुज्या तोंडाला कुठला दोष न्हाय, आन् त्यात डबीचा वाटा किती हे मला ठाव न्हाय, तुलाबी न्हाय. माजी पारख मोडली, कारण एका ओळीत बी पेरलंच न्हवतं. पर जिथं डबी न्हवती त्या गालात तुला डबी दिसली, एवढं खरं. तवा माजा निकाल ऐक. ह्या डबीत दोन रुपयाचं काम हाय आन् वीस रुपयाचा वास हाय. वास लई चांगला हाय, मी हाताला घिऊन रातभर जागले. ज्याच्या म्हैन्याला शंभर उरत्यात, त्यानं खुशाल लावावा. तुज्या म्हैन्याला पन्नास हायत आन् त्यातनं तू दूध तोडतीस. ही डबी संपव, वाया घालवू नगं. आन् उद्यापास्नं सांजचं दूध घ्यायचं, मी बगणार हाय."